पावसाळ्यात शेतात फिरायला बूट: जाळीचा, विणलेला का चामड्याचा?

पांदणवाट
नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातून लिहीत आहे. कपाशीच्या शेतकऱ्यांसोबत काम करते, म्हणजे गावापर्यंत गाडी अन् मग पुढे पांदणीनं पायी, शेतात शिरून बोंडं बघायची, पानं उलटून बघायची, असं जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत रोज दिवसभर. चप्पल चालत नाही, काटे अन् किडूकमिडूक दोन्ही आहेत. दरवर्षी ऑगस्ट आला की पाय बुटात शिजल्यासारखे होतात, बोटांच्या मधे पांढरं पडतं, चिखल्या होतात. दुकानात गेलं तर तीन गोष्टी पुढे ठेवतात, जाळीवाला मेश, सॉक्ससारखा विणलेला निट, अन् चामड्याचा. तिन्हीला दुकानदार म्हणतो "ताई हा हवा खेळणाराच आहे". बजेट दोन हजाराच्या आत. आपल्याकडच्या दमट दिवसात खरंच कोणता बरा? जाहिरात नको, ज्यानं घालून बघितला त्यानं सांगा.

खाकीचं_स्वप्न
ताई हलका घ्या, एकदम हलका. मी भरतीच्या ग्राउंडसाठी निट घेतला, 1600 मीटरला पायात काही आहे असंच वाटत नाही. सोल मात्र फोमवाला बघा, कडक सोलनं नडगी दुखते. अन् अर्धा नंबर मोठा घ्या.

पांदणवाट
भाऊ मला पळायचं नाही, ढेकळात चालायचं आहे 🙂

कपाशीवाला
काय बाप्पा एवढा इचार करून राहिल्या. शुद्ध चामडं घ्या. चामडं म्हणजे कातडीच ना, तिले छिद्रं असतेत, ते श्वास घेते. माह्या बाबानं आयुष्यभर चामड्याच्या वहाणा घातल्या, एक दिवस पाय खराब झाला नाई. हे जाळी-बिळी सगळं प्लास्टिक हाये, प्लास्टिक कुठं श्वास घेत असते का?

निंबोणी
कपाशीवाले भाऊ, बाबांच्या वहाणा वरून उघड्या होत्या ना? हवा चामड्यातून नाही, उघड्या जागेतून येत होती 😄

सोल_मास्तर
आग्र्याला बुटाच्या कारखान्यात बरीच वर्षं अपरच्या खात्यात होतो, आता तालुक्याला छोटं दुकान अन् दुरुस्ती. थोडं लांब लिहितो, माफ करा.

कपाशीवाले भाऊंचं अर्धं बरोबर आहे. चांगलं चामडं घाम खरंच पिते. पायाची वाफ ते आपल्या धाग्यात ओढून घेते अन् हळूहळू बाहेरच्या बाजूनं सोडते. पॉलिस्टरची जाळी यातलं काहीच करत नाही, तिचा धागा पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. तिचं काम वेगळं आहे, छिद्रातून वारा आत-बाहेर करायचा अन् वाफ उडवून न्यायची. दोन्हीला लोक "हवेशीर" म्हणतात पण एक आहे साठवून सोडणारा अन् दुसरा आहे उघडी खिडकी.

आता आपल्याकडे मे महिना अन् ऑगस्ट महिना हे दोन वेगळे देश आहेत. मे मध्ये पारा 45 च्या वर पण हवा कोरडी ठाक. तेव्हा चामड्याचा बूट दिवसा घाम पितो अन् रात्री खुंटीला सकाळपर्यंत कोरडा होतो, काही अडचण नाही. उलट जाळीतून गरम फुफाटा अन् धूळ आत येते. ऑगस्टात तापमान 30 च्या आसपास पण हवाच पाण्यानं भरलेली, तिला आणखी वाफ घ्यायला जागाच नसते. तेव्हा चामडं दिवसभर पिते अन् रात्री सोडायला गेलं तर सुटत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आधीच भरलेल्या बुटात पाय घालता. चार दिवसांनी आत हिरवी-पांढरी बुरशी, वास, अन् मग चिखल्या.

म्हणून ताई दमट दिवसात मी "किती श्वास घेतो" हे विचारतच नाही. किती पाणी धरून ठेवतो अन् सकाळपर्यंत किती सोडतो, हे विचारतो. या हिशोबानं पावसाळ्यात साधी पातळ जाळी पुढे, निट मधे, चामडं मागे.

झेडपी_गुरुजी
मास्तरांचं वाचून रहावलं नाही. भावाचं किराणा दुकान आहे, इलेक्ट्रॉनिक काटा आहे, घरात तिन्ही प्रकारचे बूट निघाले (माझा, मुलाचा, भाच्याचा, तिन्ही 8 नंबर). प्रत्येकाचा एकच बूट घेतला, आतला सोल काढून ठेवला. कोरडं वजन घेतलं, बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवला, बाहेर काढून जोरात झटकला, परत वजन, मग रात्रभर पडवीत लटकवला, पंखा नाही, बाहेर रिमझिम चालू होती. सकाळी परत वजन.

जाळी: कोरडा 255 ग्रॅम, ओला 372, सकाळी 281.
निट: 238, ओला 405, सकाळी 318.
चामडं: 430, ओला 548, सकाळी 507.

म्हणजे जाळीनं अन् चामड्यानं पाणी जवळजवळ सारखंच घेतलं, 117 अन् 118 ग्रॅम. पण जाळीत सकाळी 26 ग्रॅम उरलं अन् चामड्यात 77. मला वाटलं होतं चामडं सगळ्यात जास्त पिईल, तसं झालं नाही. निटनं मात्र 167 घेतलं अन् 80 ठेवलं, हे काही समजलं नाही, तोही पॉलिस्टरच ना?

कपाशीवाला
गुरुजी भावाच्या काट्यावर बूट ठेवले, आता तिथून साखर कोण घेईन 😂

सोल_मास्तर
गुरुजी झकास केलं. निटचं सांगतो. धागा पॉलिस्टरचाच, तो आत पाणी घेत नाही, पण निटमधे धागा जाड, फुगलेला अन् दाट विणलेला असतो, त्या धाग्यांच्या मधल्या फटीत पाणी अडकून बसतं. स्वेटर भिजला की कसा जड होतो तसं. त्यात बहुतेक निट बुटाला घोट्यापाशी मोज्यासारखी जाड कॉलर असते, आत फोम असतो. जाळीच्या बुटातही जीभ अन् टाचेपाशी फोम असतोच, तुमच्या उरलेल्या 26 ग्रॅममधलं बरंच तिथंच असणार. बोटानं दाबून बघा, तिथूनच पाणी निघेल.

अन् चामड्याच्या आकड्यावर जास्त विसंबू नका. दहा मिनिटात पाणी पुरतं आत जात नाही, वरून पॉलिश असेल तर अजूनच कमी. दिवसभर ओल्या गवतात चाला अन् मग मोजा, आकडा वाढेल. एक-एक बूट मोजून सगळ्या बुटांचा निकाल लागत नाही, पण सकाळी कोण किती कोरडा, याचा क्रम माझ्या दुकानातल्या अनुभवाशी जुळतो.

झेडपी_गुरुजी
मान्य. भाच्याचा बूट दिवसभर भिजवायची परवानगी घरून मिळणार नाही.

पांदणवाट
मास्तर मग सरळ जाळीचाच घेऊ का? माझा मागच्या वर्षीचा जाळीचाच होता अन् त्यातच चिखल्या झाल्या, म्हणून तर विचारलं.

सोल_मास्तर
ताई त्या बुटाला आतून मोबाईलचा टॉर्च लावून बघा. अंधाऱ्या खोलीत बूट धरा, टॉर्च आत बोटांच्या बाजूला, अन् बाहेरून बघा कुठून उजेड येतो ते सांगा.

पांदणवाट
आत्ताच बघितलं. फक्त वर बोटांच्या मागे, लेसच्या खाली, रुपयाच्या नाण्याएवढ्या दोन जागी ठिपके दिसतात. बाकी दोन्ही बाजू अंधार. पण बाहेरून तर पूर्ण जाळीच दिसते!

सोल_मास्तर
हेच सांगायचं होतं. स्वस्त बुटात जाळी वरून दिसायला असते. तिच्यावर गरम दाबानं प्लास्टिकचा पातळ थर चिकटवतात, डिझाईनसाठी अन् बूट आकारात रहावा म्हणून, अन् जाळीच्या मागे फोम लावलेलं अस्तर, त्याच्या मागे आणखी एक कापड. बाहेर जाळी अन् आत रेनकोट. पाय शिजणारच.

दुकानात असं बघा. पहिलं, टॉर्च. बोटांवरच्या भागात अन् दोन्ही बाजूंना उजेडाचे ठिपके दिसायला पाहिजेत. काळ्या रंगाच्या जाळीतून उजेड तसाही कमी दिसतो, म्हणून टॉर्चसोबत दुसरंही करायचं: बुटात हात घाला, बोटांचा भाग बाहेरून तोंडाजवळ धरून फुंका, आत तळहाताला फुंकर लागली पाहिजे. दुकानदार हसेल, हसू द्या. तिसरं, जीभ चिमटीत धरा. गादीसारखी फुगलेली असली तर ठेवून द्या, पातळ असलेली बघा.

चालताना बूट दर पावलाला थोडा दाबतो अन् सुटतो, त्यानं आतली ओली हवा बाहेर ढकलली जाते अन् नवी येते. ही हवा बोटांच्या जागेतूनच जायला पाहिजे, घाम अन् चिखल्या तिथंच. म्हणून बाजू बंद असली तर एकवेळ चालेल, पुढचा भाग बंद नको. अन् बूट पुढून आवळ नको, पाय जाळीला चिकटून बसला तर हवा फिरायला जागाच रहात नाही.

खाकीचं_स्वप्न
म्हणून म्हटलं होतं अर्धा नंबर मोठा घ्या 😎

सोल_मास्तर
हो बाबा, ते तुझं बरोबर निघालं. फक्त पुढून मोकळा, टाचेला सैल नको. निटचा आणखी एक घोळ तोच आहे, ओला झाला की तो ताणतो, ढिला पडतो, अन् चिखलात टाच वर-खाली घासते. नरम झालेल्या ओल्या कातडीला फोड यायला वेळ लागत नाही. ग्राउंडवर दीड किलोमीटरला ते कळणार नाही, ढेकळात दिवसभर चालल्यावर कळते.

शहरातला_पाहुणा
मी नागपूरला असतो. आजकाल वॉटरप्रूफ पण ब्रीदेबल असा पडदा असलेले बूट येतात, महाग आहेत पण पाणी आत येतच नाही अन् वाफ बाहेर जाते. दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. थोडे पैसे जास्त टाका.

निंबोणी
दोन हजारात?

सोल_मास्तर
पैसे असले तरी ताईला नको म्हणेन. तो पडदा थंड कोरड्या मुलखात छान चालतो, कारण वाफ तिकडंच पळते जिकडं कमी वाफ आहे. आपल्या ऑगस्टात बुटाच्या आत अन् बाहेर फरकच थोडा, मग वाफ ढकलणार कोण. अन् कपाशीच्या ओल्या पानातून चालताना पाणी पॅन्टवरून ओघळून वरूनच बुटात येते. वॉटरप्रूफ बुटात आलेलं पाणी मग आतच थांबते. साधी जाळी भिजते लवकर, पण रिकामीही लवकर होते.

धानपट्टा
आमच्या गोंदियाकडं या, बांधीत सगळेच बूट सारखे 😀 रोवणीच्या दिवसात आमी अनवाणीच. पण धुऱ्यावरून फिरायला मी कॅनव्हासचा बूट घालतो, त्याचं कोणी नावच नाही घेतलं.

सोल_मास्तर
कॅनव्हास सुती असतो, सुती कापड पाणी भरपूर पिते अन् सोडत नाही. एक-दोन तासासाठी ठीक. कोरड्या दिवसात पायाला फार चांगला.

कपाशीवाला
मले एक सांगा मास्तर, चामडं एवढं बेकार असते तर पोलिस, मिल्ट्री, लाइनमन सगळे चामड्याचे बूट कावून घालतेत?

सोल_मास्तर
बेकार कोण म्हणलं भाऊ. काट्याला, दगडाला, घासायला चामड्यासारखं काही नाही. बाभळीचा काटा जाळीतून असा जातो जसा लोण्यातून. मी फक्त भिजण्या-वाळण्याचं बोलतो आहे. अन् चामडं कोणतं, हेही बघावं लागते. वरून गुळगुळीत एकसारखं चकचकीत दिसते ते बऱ्याचदा घासून वर रंगाचा जाड थर दिलेलं असते, त्यातून वाफ जवळजवळ जातच नाही, वजन चामड्याचं अन् गुण रेक्झिनचे. बोटानं पाण्याचा एक थेंब ठेवा. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर थर आहे. मिनिटा-दोन मिनिटात खाली गडद डाग पडायला लागला तर चामडं उघडं आहे. मात्र उघड्या चामड्याला तेल-मेण पाजलं असेल तरी थेंब बसून रहातो, म्हणून एवढ्या एका थेंबावर निकाल देऊ नका, कापलेली कडही बघा. कडेला केसाळ धागे दिसले तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन.

निंबोणी
माझ्या वडिलांना शुगर आहे, पायाला मुंग्या येतात, कधी कधी टोचलेलं कळतच नाही. त्यांना जाळीचा हलका घेऊन द्यावा म्हणत होते, शेतात जायचं काही सोडत नाहीत. चालेल का?

सोल_मास्तर
ताई त्यांना शेतात जाळीचा नको. टोचलेलं कळत नाही त्या पायाला काट्यापासून आड पाहिजेच. नरम चामड्याचा, पुढून रुंद, आत शिवण घासणार नाही असा, अन् दोन जोड आलटून पालटून म्हणजे एकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो. घालायच्या आधी बूट उलटा करून झटकायचा, आत हात फिरवून बघायचा. अन् रोज संध्याकाळी घरच्या कोणीतरी तळपाय बघायचा. बोटांच्या मधे चिरा दिसल्या तर बुटावर चर्चा नको, डॉक्टरकडं न्या.

पांदणवाट
आणखी एक विचारायचं राहिलं. फवारणी चालू असलेल्या शेतातही जावं लागतं. तिथं जाळी?

सोल_मास्तर
तिथं तिन्ही नको.

झेडपी_गुरुजी
याला माझा दुजोरा. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते कोणी विसरू नये. जाळीतून अन् निटमधून औषध सरळ मोज्यात जातं अन् तो ओला मोजा दिवसभर कातडीला चिकटून रहातो. चामडं तर औषध पिऊन ठेवतं, नंतर धुवून पूर्ण निघत नाही, दुसऱ्या दिवशी परत तोच बूट पायात. फवारणीला रबरी गमबूट, अन् पॅन्ट गमबुटाच्या बाहेरून, म्हणजे ओघळ आत जात नाही. घरी आल्यावर गमबूट बाहेरच धुवायचे. गमबुटात पाय शिजतो हे खरं आहे, पण ते तेवढ्या वेळापुरतं.

कपाशीवाला
हे मात्र सोळा आणे खरं. आमच्या गावचा एक पोरगा तवा दवाखान्यात होता. आता मी कोणालेच चपलीवर फवारू देत नाई.

पांदणवाट
ठीक, गमबूट गाडीच्या डिक्कीत ठेवते. आता काळ्या मातीचं सांगा. जाळीत ती माती अशी बसते की घासून निघत नाही अन् मग हवा काय जाणार.

धानपट्टा
लगेच नळाखाली धरून ब्रशनं घासायचं ताई, वाळू द्यायचं नाही.

सोल_मास्तर
चामड्याला तसं चालते, ओल्या फडक्यानं लगेच पुसून घ्या. जाळीला उलटं करा. काळी माती ओली असताना चिकणी असते, ब्रश मारला की छिद्रात आणखी ठासली जाते. आधी सावलीत पूर्ण वाळू द्या, वाळली की ती आकसते अन् भेगा पडतात, मग दोन बूट एकमेकांवर आपटा, खपल्या गळून पडतात. उरलेली धूळ नरम ब्रशनं, मग साध्या पाण्यातून काढा. निटमधे मात्र ती दाट विणीत बसली की पूर्ण निघतच नाही, काळसरपणा रहातो.

वाळवताना आतला सोल बाहेर, लेस सैल, जीभ पुढं ओढून ठेवा. आत वर्तमानपत्राचे बोळे, तासाभरानं बदलायचे, ओला बोळा रात्रभर ठेवला तर काही उपयोग नाही. लाईट असली तर पंखा. चुलीजवळ नाही, डिंक सुटतो, अन् चामडं तर लाकडासारखं होते.

निंबोणी
डिंक म्हणजे सोल्यूशन ना? आमच्याकडे चुलीजवळ ठेवलेल्या बुटाचा सोल सकाळी जिभेसारखा लोंबत होता.

सोल_मास्तर
तेच ते.

पांदणवाट
सगळ्यांचे आभार. आज तालुक्याला जाऊन टॉर्च घेऊन चार-पाच दुकानं फिरले, एका दुकानदारानं विचारलं ताई बुटात काही हरवलं का 😄 शेवटी राखाडी रंगाचा साध्या जाळीचा मिळाला, बोटांवर अन् बाहेरच्या बाजूनं उजेड दिसतो, जीभ पातळ. साडेनऊशे. उरलेल्या पैशात आतल्या सोलचा एक जास्तीचा जोड घेतला, रोज बदलायला. पण दुकानदार म्हणतो की जाळी एका हंगामात करंगळीपाशी फाटते.

सोल_मास्तर
फाटते, तो खरं बोलला. करंगळीचा जोड जिथं वाकतो तिथं. आत्ताच, नवा असतानाच, त्या जागी आतून पातळ कापडाची छोटी पट्टी कोणाकडून शिवून घ्या. चिकटवू नका, भिजून सुटेल. मोठी पट्टी लावली तर उघडी खिडकी परत बंद.

कपाशीवाला
ताई ऑक्टोबरात कुसळाचं काय करता? गवत पिकलं की ते कुसळ जाळीतून घुसते, मोज्यात बसते अन् चालू तिकडं टोचत राह्यते. तवा तुमाले माह्या चामड्याचीच आठवण येईन, लिहून ठेवा.

सोल_मास्तर
यात कपाशीवाले भाऊ बरोबर आहेत. हवा कोरडी झाली अन् कुसळ पिकलं की चामड्याचा बूट काढायचा.

धानपट्टा
मी जुन्या जीनच्या पायाचं गुंडाळणं करतो, घोट्यापासून बुटाच्या तोंडापर्यंत, खाली लेसला अडकवून. कुसळ थांबते.

निंबोणी
अन् गरम नाही होत त्यात?

धानपट्टा
होते ना. पण टोचण्यापेक्षा बरं. पाऊस असला की काढून टाकतो, जीन भिजली की किलोभर होते.

झेडपी_गुरुजी
जीनऐवजी जुन्या छत्रीचं कापड घेतलं तर? हलकं, कुसळ धरणार नाही, पाणी पिणार नाही. भावाच्या काट्यावर दोन्ही मोजून सांगतो, तो आता मला दुकानात येऊ देईल तर.